छत्तीस शब्दांचं सरबत

मॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी फिरणाऱ्या माणसाचे हात बघावेत. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल, नाहीतर लहान मुलाचं मनगट. कोणी बाबागाडी ढकलतंय, कोणी आइस्क्रीमचा कोन सांभाळतंय. अशा माणसाला आपण सँपल द्यायला उभे राहतो तेव्हा त्याचं लक्ष मागत असतो खरे, पण त्याआधी त्याचा एक हात मागत असतो. सँपल वाटणाऱ्या प्रमोटरसाठी स्क्रिप्ट लिहायचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि मला विचाराल तर सँपलिंगची स्क्रिप्ट तोंडासाठी लिहायची नसते, हातांसाठी लिहायची असते. हात कुठे असतील हे ठरलं की शब्द आपोआप कमी होतात.

परवाचंच उदाहरण घेते. सावंतवाडीकडचे एक उत्पादक पुण्यातल्या एका मॉलमध्ये कोकम सरबताचा स्टॉल लावत होते. सरबत म्हणजे अमृत कोकम, पाणी घालून प्यायचं गोड सिरप. मॉलने दिलेली जागा तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्यापासून जरा पुढे. सहा फुटी टेबल, मागे स्टँडी म्हणजे उभा जाहिरातफलक, दोन मुली उभ्या राहणार. खालच्या मजल्यावर सुपरमार्केट, तिथे त्यांची बाटली नुकतीच लागलेली. त्यांची मागणी एवढीच की प्रत्येक माणसामागे साधारण 30 सेकंदांत नमस्कार, माहिती आणि ‘इंटरेस्ट आहे की नाही’ ही नोंद, तिन्ही व्हायला हवं.

30 सेकंदच का, असा प्रश्न कोणालाही पडेल. ते टेबलाच्या लांबीवरून ठरतं. सहा फुटी टेबलापुढे तीन-चार माणसं सुखाने उभी राहतात. पाचवा आला की मागून येणाऱ्याला टेबल दिसत नाही, नुसती गर्दी दिसते, आणि तो वळसा घालून निघून जातो. त्यातून वाट अडली की मॉलचा सिक्युरिटीवाला येऊन उभा राहतो. म्हणजे माणूस लवकर आला पाहिजे आणि लवकर गेलाही पाहिजे, पण जाताना त्याला हाकलल्यासारखं वाटता कामा नये. सगळी कसरत यातली आहे.

उत्पादकांनी स्वतः एक मजकूर लिहून आणला होता, आणि तो सुंदर होता. रातांबे म्हणजे कोकमाची फळं एप्रिल-मेमध्ये कशी पिकतात, पाऊस सुरू व्हायच्या आत ती कशी उतरवावी लागतात, फोडून बिया काढल्या की सालीच्या वाट्यांमध्ये साखर कशी भरतात, बरणी उन्हात ठेवली की साखर सालीतला रस कशी ओढून घेते आणि काही दिवसांत बरणीत लालभडक पाक कसा जमतो. मी वाचतच राहिले. मग मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचला. शंभरावर शब्द होते आणि पाऊण मिनिट उलटून गेलं तरी अजून सरबताचं नाव आलं नव्हतं. ते म्हणाले, “अहो, पण ही गोष्ट नाही सांगायची तर मग सांगायचं काय? कोकम काय सगळेच विकतात.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ती गोष्ट बाटलीच्या मागच्या लेबलवर जाऊ शकते, स्टँडीवर चित्रांत जाऊ शकते. उभ्या माणसाच्या कानात ती मावत नाही.

हिशोब असा. बोलणं समजावं असं वाटत असेल तर आजूबाजूला गाणी चालू असताना सेकंदाला दोन शब्दांच्या वर जाऊ नये. म्हणजे 30 सेकंदांत 60 शब्द. पण त्यातले सहा-सात सेकंद समोरचा पितो आहे. पिताना माणूस ऐकत नाही, फक्त मान हलवतो, आणि नवख्या प्रमोटरला ती मान म्हणजे होकार वाटतो. शिवाय तो काहीतरी बोलणार, त्याला चार-पाच सेकंद सोडायचे. उरले अठरा-एकोणीस सेकंद. म्हणजे आपल्या वाट्याला छत्तीस-अडतीस शब्द येतात. तेवढेच लिहायचे.

पहिले पाच शब्द सगळ्यात जास्त खोडले गेले. “नमस्कार, गार कोकम सरबत. घ्या.” एवढंच. “सर, एक मिनिट द्याल का?”, “मॅडम, ट्राय करणार का?” असं काही नाही. प्रश्न विचारला की आपल्याकडे उत्तर तयार असतं, ‘नको’. ते विचार करून आलेलं नसतं, चालता चालता तोंडातून निसटतं, आणि एकदा नको म्हटल्यावर माणूस आपल्याच शब्दाला जागून पुढे जातो. म्हणून प्रश्न नाही. कप आधीच भरलेला, तळहातावर, समोरच्याच्या कमरेच्या उंचीला. ‘गार’ हा शब्द मुद्दाम घातला, कारण कपावर आलेला दव त्या शब्दाची साक्ष देतो.

वेळही बघावी लागते. मॉलमध्ये रमतगमत चालणारा माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतो. आपलं टेबल दोन मीटरही नाही. तो टेबलासमोर आल्यावर तोंड उघडलं तर वाक्य त्याच्या पाठीला ऐकू जातं. तो तीन-चार पावलांवर असतानाच ‘नमस्कार’ व्हायला हवा. आणि सरकत्या जिन्यावरून नुकत्याच उतरलेल्याला तर हाकच मारायची नाही. त्याचं लक्ष पायाकडे असतं, मागून लोक येत असतात, त्याला थांबता येतच नाही. जिन्यापासून दहा-बारा फूट पुढे तो मान वर करतो, इकडेतिकडे बघतो. टेबल तिथे हवं. आमचं टेबल मॉलने आखून दिलेल्या चौकोनात जिन्याला लागून होतं. चौकोन हलवता येत नव्हता, म्हणून टेबल चौकोनाच्या लांबच्या टोकाला सरकवून तिरकं लावून घेतलं.

आता हाक मारायची काय, हा पुण्यातला फार नाजूक प्रश्न. ‘काकू’ म्हणावं तर चाळिशीची बाई दुखावते. ‘ताई’ म्हणावं तर कॉलेजातली मुलगी भुवया वर करते. ‘मॅम’ म्हटलं की पुढचं सगळं संभाषण हिंदी-इंग्रजीत जातं आणि रातांबा तिथेच बुडतो. मी मुलींना सांगितलं की काहीच म्हणायचं नाही, ‘नमस्कार’ पुरे. तो मराठी माणसालाही चालतो, हिंदी बोलणाऱ्यालाही चालतो, आणि समोरून ज्या भाषेत आवाज येईल त्या भाषेत पुढे जायचं. अपवाद फक्त आजींचा. नऊवारी किंवा काठाची साडी, सोबत नातवंडं, अशा बाईंना ‘आजी’ म्हटलेलं आवडतं, आणि आजी थांबल्या की सगळं घर थांबतं.

कप हातातून हातात जातो त्या क्षणी दुसरी ओळ. “रातांब्याचा रस, साखर, मीठ, जिरं.” ही ओळ पिण्याआधी यायलाच हवी, नंतर नाही. मधुमेह असलेल्याने साखर हा शब्द ऐकूनच कप ओठाला लावायचा की नाही ते ठरवावं. उपवासवाल्यांना मीठ कोणतं ते हवं असतं, सैंधव असेल तरच चालतं असं मानणारी घरं पुष्कळ आहेत. आमच्या बाटलीत साधं मीठ होतं, त्यामुळे मंगळवार-चतुर्थीला कोणी विचारलंच तर “साधं मीठ आहे” एवढं सरळ उत्तर. लहान मूल एकटं आलं तर कप त्याच्या हातात द्यायचा नाही, सोबतच्या मोठ्या माणसाकडे बघायचं.

या ओळीवर थोडी चकमक झाली. उत्पादकांना शेवटी “बाकी काही नाही” हे तीन शब्द हवे होते. ऐकायला छानच. मी बाटली फिरवून लेबल वाचलं, तर घटकांच्या यादीत परिरक्षक 211 होतं, म्हणजे सोडियम बेन्झोएट. नियमात बसणारं आहे, लेबलवर लिहिलेलं आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण मग ‘बाकी काही नाही’ म्हणता येत नाही. आमची पाच शब्दांची ओळ पूर्ण यादी असल्याचा आव आणत नव्हती, आणि कोणी “आणखी काय आहे यात?” विचारलं तर बाटली फिरवून लेबल दाखवायचं, असं ठरलं. ‘पित्तावर रामबाण’ हेही असंच गेलं. घरात आजी म्हणते ते वेगळं, आणि विकणाऱ्याने टेबलामागून म्हणणं वेगळं. अन्नाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा प्रमोटरच्या तोंडी लेबलवर नसलेला एकही गुण द्यायचा नाही. मुली उत्साहात आपल्या मनाची भर घालतात, त्यामुळे काय बोलायचं याबरोबरच काय बोलायचं नाही तेही कागदावर हवं.

मग गप्प बसायचं. स्क्रिप्टमध्ये मी इथे चक्क ‘पिऊ दे’ असं लिहिते, कंसात, नाटकाच्या संहितेत लिहितात तसं. शिकवायला सगळ्यात कठीण जागा ही. सहा सेकंदांची शांतता नवख्या मुलीला सहा मिनिटांसारखी वाटते आणि ती बोलायला लागते. तालमीत मी खऱ्या कपातून खरं सरबत प्यायला लावते, एकीने प्यायचं आणि दुसरीने ओठ मिटून उभं राहायचं.

कप खाली आला की चौथी ओळ: “एका भागाला पाच भाग पाणी. या बाटलीत बावीस ग्लास होतात.” 750 मिलीची बाटली, पाचपट पाणी, म्हणजे साडेचार लिटर सरबत, 200 मिलीचे बावीस ग्लास. ही एकच माहिती मी ठेवली, कारण किंमत महाग वाटते की स्वस्त हे तिच्यावर ठरतं. ‘ऑरगॅनिक’, ‘पारंपरिक’, ‘कोकणच्या मातीतलं’ हे शब्द सगळ्याच टेबलांवर ऐकू येतात. बावीस ग्लास ऐकल्यावर मात्र बायका बाटलीकडे बघतात आणि मनात भागाकार करतात. डोळ्यांत तो भागाकार दिसतो. (त्याच हिशोबाने आमचा खर्चही निघाला. 30 मिलीचा कप धरला तर एका बाटलीत दीडशे कप. कप पूर्ण भरायचा नाही, नाहीतर तो पिशवीवर सांडतो आणि संध्याकाळ टिशू शोधण्यात जाते.)

यानंतर ‘आवडलं का?’ विचारायचा मोह होतो. विचारू नये. हातात फुकटचा कप घेऊन उभा असलेला मराठी माणूस “छान आहे” याशिवाय दुसरं काही म्हणत नाही, आणि त्या ‘छान’वरून काहीही कळत नाही. आम्ही विचारलं, “घरी उन्हाळ्यात कोणतं सरबत असतं?” याला हो-नाही म्हणता येत नाही. कोणी म्हणतं लिंबू, कोणी पन्हं. कोणी म्हणतं “आमच्याकडे कोल्ड्रिंकच चालतं, मुलं दुसरं पीत नाहीत.” आणि कोणी म्हणतं, “आमचं गाव देवगड, आम्ही कोकमाचं आगळ घरूनच आणतो.” हा शेवटचा माणूस कोकमावर प्रेम करतो, चव वाखाणतो, दहा मिनिटं बोलतो, आणि बाटली घेत नाही. त्याच्याकडे घरचंच असतं. खरं गिऱ्हाईक लिंबूवाला. उत्पादकांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांना देवगडवाल्याशी बोलायला जास्त आवडत होतं. साहजिकच आहे.

आता नोंद. कंपन्यांना इथे मोबाइल नंबर हवा असतो, शक्यतो नावासकट. करून बघा. दहा आकडे सांगायचे, समोरच्याने लिहायचे, परत वाचून दाखवायचे, यातच 15 सेकंद जातात, आणि माणूस घाईत असेल तर शेवटचा आकडा मुद्दाम चुकवतो. तो चुकवतो यात त्याची काही चूक नाही. सरबत प्यायल्याबद्दल पुढचं वर्षभर मेसेज कोणाला हवेत? शिवाय 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख असा की नंबर कशासाठी घेतला ते सांगून, त्याच कामासाठी संमती घ्यायची. ते नीट सांगायचं म्हटलं तर आपले 30 सेकंद तिथेच संपले. क्यूआर कोडचंही तसंच. मोबाइल काढा, लॉक उघडा, कॅमेरा लावा, मॉलच्या पोटात नेटवर्क शोधा, फॉर्म उघडायची वाट बघा. आणि हे सगळं करायला दोन हात लागतात. एका हातात पिशवी आहे, दुसऱ्या हातात आपणच दिलेला रिकामा कप आहे.

त्या रिकाम्या कपाशी सगळं अडतं. पिऊन झालं की माणूस डस्टबिन शोधायला लागतो, आणि ती शोधत शोधतच तो टेबलापासून दूर जातो. बहुतेक स्टॉलवर डस्टबिन टेबलाखाली लपवलेली असते, दिसायला वाईट म्हणून. आम्ही ती टेबलाच्या पुढच्या टोकाला, माणूस ज्या दिशेने पुढे जाणार त्या बाजूला, उघड ठेवली. झाकणाशिवाय, स्वच्छ पांढरी, आणि तिच्याशेजारी दुसरी मुलगी. स्क्रिप्टची शेवटची ओळ तिची: “ग्लास इथे टाका. हे कूपन, खालच्या सुपरमार्केटात आज वीस रुपये कमी.” कप पडला, हात रिकामा झाला, त्याच क्षणी त्या हातात कागद. कपाच्या जागी कूपन जातं, तेव्हा घेणाऱ्याला आपण काही नवीन घेतलं असं वाटतही नाही. ज्याला नको असतं तो हात मागे घेतो, आणि तो मागे घेतलेला हात हीसुद्धा एक नोंदच आहे.

कूपनवर अनुक्रमांक होता, आणि मूळ पट्टी आमच्याकडे राहत होती. कूपन फाडायच्या आधी ती मुलगी पट्टीवर एक अक्षर टाकायची: लिंबूसाठी ल, पन्ह्यासाठी प, कोल्ड्रिंकसाठी ड, घरच्या कोकमासाठी घ. नाव नाही, नंबर नाही. रात्री सुपरमार्केटमधून परत आलेली कूपनं पट्टीशी जुळवली की कोण खरंच खाली जाऊन बाटली घेऊन आलं ते कळतं. ज्याला ऑर्डरसाठी आपणहून नंबर द्यायचा असेल त्याच्यासाठी एक वही ठेवली होती, ती टेबलाच्या मागच्या बाजूला. तिथपर्यंत जो चालत येतो त्याचा नंबर खरा असतो.

मध्येच उत्पादकांच्या मनात आलं की कोकमाबरोबर पन्हं आणि आवळाही ठेवावा. टेबल भरलेलं दिसेल. यावर एक जुना प्रयोग आहे, 2000 साली प्रसिद्ध झालेला, शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात त्यांनी जॅम चाखायचं टेबल लावलं, कधी 24 प्रकारचे तर कधी सहा प्रकारचे. 24 वाल्या टेबलापाशी येणाऱ्यांपैकी 60 टक्के थांबले, सहाच्या टेबलापाशी 40 टक्के. पण थांबलेल्यांपैकी जॅम विकत घेणारे 24 च्या वेळी तीन टक्के आणि सहाच्या वेळी तीस टक्के निघाले. हा प्रयोग मार्केटिंगवाले आरतीसारखा म्हणतात, आणि पुढचं कडवं गाळतात. 2010 मध्ये अशा पन्नासेक प्रयोगांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य भरला. म्हणून मी जॅमच्या जोरावर ‘एकच चव ठेवा’ म्हणत नाही. मला त्या प्रयोगातलं वेगळंच आवडतं. थांबणारे किती आणि घेणारे किती हे त्यांनी वेगळं मोजलं, आणि तेसुद्धा सवलतीच्या कूपनवरून. आमच्या टेबलाला पन्हं नाकारण्याचं कारण साधं होतं. तीन चवी म्हणजे ‘कोणतं देऊ?’ हा प्रश्न, त्यावर पाच सेकंदांचा विचार, आणि नवरा-बायकोत एक छोटी चर्चा. 30 सेकंदांत ते बसत नाही.

कागदावर बसलेली स्क्रिप्ट संध्याकाळी सात-साडेसातला झिजायला लागते. “नमस्कार, गार कोकम सरबत” याची एक चाल बनते, रेल्वेच्या डब्यात ऐकू येते तशी, आणि त्या चालीकडे कान आपोआप बंद होतात. ओळखायची खूण अशी की मुलीची नजर माणसाच्या चेहऱ्यावरून कपावर उतरलेली असते. आम्ही दर अर्ध्या तासाने जागा बदलल्या, कपवाली कूपनला आणि कूपनवाली कपाला. आणि एक स्टूल मागून घेतलं. बसायचं नाही असा अलिखित नियम बहुतेक ठिकाणी असतो. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायची सोय द्यायचा कायदाच केला. आम्हाला स्टूल मिळालं ते स्टँडीच्या मागे ठेवायच्या अटीवर. गर्दी ओसरली की पाच मिनिटं पाय मोकळे झाले तरी पुढच्या नमस्काराचा सूर सुधारतो.

गप्पिष्ट माणसासाठी मात्र स्क्रिप्ट नसते. मालवणकडच्या एक आजी थांबल्या, अर्धा कप प्यायल्या आणि म्हणाल्या, “जिरं भाजून घालतंस काय?” कपवाल्या मुलीने आमच्यात ठरलं होतं तसं केलं. हसून “आजी, हे साहेब सांगतील” म्हणाली आणि त्यांना टेबलाच्या मागच्या बाजूला उत्पादकांकडे नेलं. तिथे शंभर शब्दांची ती सगळी गोष्ट, रातांबे, साखर, ऊन, बरण्या, शेवटी एकदाची सांगून झाली. आजींनी त्यात दोन दुरुस्त्याही सुचवल्या. टेबलापुढचं काम तोवर चालूच होतं.

रात्री हिशोबाला बसलो तेव्हा कागदावर तीन आकडे होते: किती कप गेले, किती कूपनं फाटली, किती खालून परत आली. कप भरपूर आणि कूपनं कमी असती तर चवीचा किंवा शेवटच्या ओळीचा दोष मानला असता. कूपनं भरपूर आणि परत आलेली कमी असती तर खाली बाटली रॅकवर कुठे ठेवली आहे ते आधी जाऊन बघितलं असतं. आमच्याकडे जे कप घेत होते ते कूपनही घेत होते आणि त्यातले बरेच खालीही जात होते. तुटवडा होता तो कप घेणाऱ्यांचाच. समोरून एवढी माणसं जात असताना टेबलाकडे वळणारी कमी. म्हणजे प्रश्न पहिल्या तीन सेकंदांत होता. उत्पादक म्हणाले, “मग पहिली ओळ बदलू आणि टेबलही आणखी थोडं फिरवू.” दोन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. म्हणून शनिवारी फक्त टेबल फिरवायचं ठरलं, ओळ तीच. ओळीचं रविवारी बघू.